तर्री काळी का दिसते, आणि त्या रात्री टेम्पोत काय चढत होतं

"आबा, तुमच्या हॉटेलच्या मागच्या दारी रात्री टेम्पोतून जळक्या तेलाचे कॅन उतरवतात असा व्हिडिओ गावभर फिरतोय. शेवभाजीची काळी तर्री त्याच तेलाची असते म्हणे. खरं काय ते सांगा, रविवारी पोरांना घेऊन यायचं आहे."

भाऊ, व्हिडिओतलं दार आमचंच आहे, कॅन आमचेच आहेत आणि त्यातलं तेल काळं होतं हेही खरं आहे. पण ते तेल उतरत नव्हतं, टेम्पोत चढत होतं. महिनाभरात तळणीतून काढून टाकलेलं ते तेल बायोडिझेलसाठी नेलं जातं. फिरणाऱ्या तुकड्यात कॅन जमिनीवर ठेवलेले दिसतात, शेजारी टेम्पोचं उघडं फळकं दिसतं आणि तिथंच तो संपतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात आमचा पोरगा आणि टेम्पोवाला मिळून दोन्ही कॅन वर चढवतात. ते आमच्या मागच्या कॅमेऱ्यात आहे. ज्याला पाहायचं असेल त्याने गल्ल्यावर सांगावं, मी स्वतः दाखवीन. ज्याने व्हिडिओ काढला त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री साडेनऊला हॉटेलच्या मागे काळं तेल पाहिलं तर कुणालाही शंका यावी.

मी हा धंदा २२ वर्षं करतोय. धुळे–जळगाव रस्त्यावर आमच्या भागात शेवभाजी विकणारे पुष्कळ आहेत, आणि तर्रीच्या रंगावरून ही शंका प्रत्येकावर कधी ना कधी येते. म्हणून एकदा नीट सांगतो.

आधी कायद्याचं, कारण कॅनचा उगम तिथं आहे. तेल पुन्हा पुन्हा तापलं की उष्णता, हवा आणि पदार्थातलं पाणी यांच्यामुळे त्याचे घटक तुटतात आणि एकमेकांना चिकटतात. अशा बदललेल्या घटकांना एकत्रितपणे पोलर संयुगं म्हणतात. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून असा नियम लागू केला की तळणीच्या तेलात ही संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. मग ते तेल जायचं कुठं? गटारीत ओतलं तर गटार तुंबते. गल्लीत भंगार घेणारा त्याला भाव देतो, पण ते पुढे कुणाच्या गाड्यावर, कुणाच्या कढईत जाईल याची खात्री नाही. हा रस्ता बंद व्हावा म्हणून ऑगस्ट २०१८ मध्ये प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजना सुरू केली. नोंदणी केलेले संकलक हॉटेलांतून तेल उचलतात, तोलून पावती देतात आणि पुढे कारखान्यात त्याचं इंधन होतं. आमच्याकडेही भंगारवाला येऊन जातो, कधी संकलकापेक्षा दोन रुपये जास्त सांगतो. त्याला आम्ही देत नाही. जे तेल मी माझ्या गिऱ्हाईकाला घालणार नाही, ते पावाच्या गाडीवर कुणाच्या तरी लेकराच्या वड्यात जावं असं मला चालणार नाही.

संकलकाची गाडी आमच्याकडे महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी येते. दिवसभर बाकीची हॉटेलं करत ती आमच्यापर्यंत पोचते तेव्हा रात्र झालेली असते. त्याउलट आमचं नवं तेल दिवसा येतं, पंधरा किलोच्या सीलबंद डब्यांत, घाऊक दुकानाच्या बिलासह. कॅनमधून सुटं तेल आम्ही घेतच नाही.

आता हिशेब मांडतो, म्हणजे तुम्हाला स्वतः ताडून पाहता येईल. दिवसाला सरासरी शंभर ताटं शेवभाजी जाते आणि रश्शाला साधारण ३ किलो तेल लागतं, म्हणजे महिन्याला ९० किलो. व्हिडिओत वीस लिटरचे दोन कॅन आहेत, त्यात जेमतेम ३६ किलो तेल मावतं. तर्री त्याच तेलाची असती तर ते बारा दिवसांतच संपलं असतं, आणि अशा गाड्या महिन्याला दोन-तीनदा याव्या लागल्या असत्या. उलट तळणीतून काढून टाकलेल्या तेलाचा हिशेब त्या दोन कॅनशी बरोबर जुळतो. तो कसा, ते सांगतो. तेलाची खरी चिंता रश्शात नसते, तळणीत असते.

शेव आम्ही घरीच पाडतो, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी सहाला. सोमवारी मोठ्या कढईत सरकीच्या रिफाइंड तेलाचा नवा डबा, म्हणजे १५ किलो, फोडला जातो. दहा किलो बेसनाची शेव साधारण ५ किलो तेल पिते, मागे १० किलो उरतं. ते कोमट असतानाच मलमलीच्या दुहेरी कपड्यातून गाळून झाकणाच्या स्टीलच्या पिंपात जातं. गुरुवारी त्याच तेलात पाच किलो बेसनाची शेव निघते. शनिवार-रविवारी मिरचीची भजी त्यात होतात आणि शेवटी साडेसहा किलो तेल उरतं. पापड-कुरडयांची बारकी कढई वेगळी, तिचं आठवड्याला अडीच किलो निघतं. रविवारी रात्री हे सगळं मिळून ९ किलो कॅनमध्ये जातं. चार आठवड्यांचे ३६ किलो, तेच दोन कॅन.

हे तेल कधी काढायचं हे डोळ्याने ठरवत नाही. पूर्वी ठरवत होतो, आणि त्यात चुका झाल्या हे मान्य करतो. सरकीचं, सोयाबीनचं आणि शेंगदाण्याचं तेल वेगवेगळ्या वेगाने काळं पडतं. कधी रंग गडद असून तेल ठीक असतं, कधी रंग बरा असून तेल संपलेलं असतं. बेसनाचे बारीक कण तळाशी जळले की तेल लगेच काळं पडतं, तर कढई उगाच तापत राहिली की तेल बिघडतं पण तितकं काळं होत नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी पोलर संयुगं मोजणारं हातातलं यंत्र घेतलं. तळण काढल्यावर बुडबुडे शांत झाले की त्याचं टोक गरम तेलात धरायचं, अर्ध्या मिनिटात टक्केवारी दिसते. स्वस्तातल्या कागदी पट्ट्याही मिळतात, पण त्या तेलातली आम्लता दाखवतात, पोलर संयुगं नाहीत. अंदाजाला त्या ठीक आहेत, कायद्याच्या आकड्यासाठी नाहीत.

आमच्या वहीतला एक साधा आठवडा असा. सोमवारी नवं तेल ६ टक्के. शेव झाल्यावर ९. गुरुवारी शेवेनंतर १३. शनिवारी भज्यांनंतर १७, कारण मिरची आणि ओलं बेसन पाणी सोडतं आणि पाण्याने तेल लवकर तुटतं. रविवारी रात्री २०. कायद्याची रेघ २५ ची आहे, आम्ही २० ला काढतो. यंत्रात एक-दोन टक्क्यांचा फरक असू शकतो, आणि रविवारच्या गर्दीत २३ चं तेल २६ व्हायला वेळ लागत नाही.

एकदा असं झालंच होतं. लग्नसराईत, मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, आणि पोरगं भजी काढून वाढायला गेलं ते कढईखालचा गॅस मोठाच ठेवून. दीड तास रिकामं तेल तापलं. दुपारी १४ होतं ते संध्याकाळी २१ निघालं. रंग जवळजवळ तोच होता. मी नुसतं पाहिलं असतं तर रात्रीची भजी त्यातच काढली असती. त्या दिवसापासून कढईच्या काठाला थर्मामीटर टांगलेलं आहे. १८० डिग्रीच्या वर काटा गेला की गॅस कमी करायचा, आणि तळण थांबलं की बंद करायचा.

आणखी एक, कारण त्यात फसवणूक करता येते. जुन्या तेलात नवं तेल ओतलं की आकडा खाली येतो. १९ चं तेल दोन किलो नव्या तेलाने १५ दाखवू शकतं, आणि असं रोज करत गेलं तर कढई कधी रिकामीच होत नाही. याने नियम मोडत नाही, पण मला ते पटत नाही. जळलेले कण, चिकटपणा आणि वास तिथंच राहतात आणि नवं तेल त्यांच्या संगतीने लवकर बिघडतं. म्हणून आमच्याकडे आठवड्याच्या मध्ये भर घालत नाहीत. सोमवारी कढई राखेने घासून कोरडी होते, मगच नवा डबा फुटतो.

या वहीची आमच्यासारख्या हॉटेलवर सक्ती नाही. मार्च २०१९ पासून ज्यांना दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागतं त्यांनीच तळणीच्या तेलाची आणि ते कुठं गेलं त्याची नोंद ठेवायची आहे. आम्हाला सगळं मिळून दिवसाला सहा-सात किलो लागतं. तरी वही ठेवतो, आणि संकलकाच्या पावत्या तिच्यातच टाचलेल्या आहेत. व्हिडिओच्या रात्रीची पावतीही आहे, ३५ किलो ८०० ग्रॅमची.

आता तर्री. ती काळी का?

रश्शाचा रंग तेलातून येत नाही, भाजण्यातून येतो. शंभर ताटांना आम्ही आठ किलो कांदा सालीसकट निखाऱ्यावर भाजतो, वरची साल कोळसा होईपर्यंत. दोन किलो सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चिमट्याने आचेवर धरतो, त्यांना स्वतःचा जाळ लागतो आणि बाहेरून त्या काळ्या होतात. कांद्याची साल काढून टाकतो, पण आतल्या थराला तो रंग आणि धुराचा वास लागलेला असतो. हे वाटण आणि धणे, तीळ, दगडफूल, मिरे, लवंग भाजून कुटलेला काळा मसाला, हाच खान्देशी रश्शाचा जीव. कोल्हापूरकडचा तांबडा रस्सा पाहिलेल्याला हा रंग जळका वाटतो. आपल्याकडे तो तसाच हवा असतो. घरी आईने केलेली शेवभाजी आठवून पाहा, ती कुठं लाल होती?

पातेल्यात शेंगदाण्याचं ताजं तेल तापवून वाटण घातलं की ते सगळं तेल गिळून टाकतं. पहिली वीस मिनिटं तेल दिसतच नाही, कारण कांद्या-खोबऱ्यातलं पाणी अजून आत असतं. मंद आचेवर परतत राहायचं. पाणी उडून गेलं की वाटण तळ सोडतं, कडेने तेलाचे थेंब फुटतात आणि मग एकदम सगळीकडून तेल सुटतं. आमच्याकडे याला चाळीस मिनिटं लागतात. मिरचीचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतो, म्हणून सुटलेलं तेल रंगून येतं. मग उकळतं पाणी ओततो. तेल पाण्याहून हलकं, ते वर येऊन बसतं, आणि भाजलेल्या खोबऱ्याचे बारीक कण त्यात तरंगतात. लाल तेल आणि काळे कण मिळून जो रंग दिसतो तीच तर्री.

तुम्हाला ताटावरच पाहता येईल अशी गोष्ट सांगतो. चमचाभर तर्री पांढऱ्या बशीत घ्या, बशी थोडी कलती धरा आणि पाच मिनिटं हलवू नका. काळे कण खाली बसतात आणि वर लाल, आरपार दिसणारं तेल निथळतं. तळून तळून संपलेलं तेल असं निथळत नाही. ते गाळलं तरी अख्खंच तपकिरी राहतं, बोटांत घेतलं तर मधासारखं चिकट लागतं आणि जिभेवर एक साय राहते. पण हे अंदाजाचं आहे. थोडं जुनं तेल ताज्यात मिसळून वर भरपूर मिरची घातली तर बशीवर कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. म्हणून ही बशी दाखवून मी स्वतःला निर्दोष म्हणवून घेणार नाही.

तळणीचं उरलेलं तेल फोडणीला घालायची सवय आपल्याकडे घराघरांत आहे, काही हॉटेलांतही आहे. आम्ही ते का करत नाही याचं एक साधं कारण चवीचं आहे. एकदा बेसन तळलेलं तेल काळ्या मसाल्याचा वास दाबून टाकतं, दगडफूल लागतच नाही. तरीही एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. रश्शातलं तेल कितीही ताजं असलं तरी तळणीचं थोडं तेल तुमच्या ताटात येतंच, ते शेवेतून. गरम रश्शात शेव पडली की ती रस्सा पिते आणि आपलं तेल सोडते. म्हणून माझ्या दृष्टीने शेवभाजीची स्वच्छता तळणीच्या कढईवर ठरते, आणि यंत्र मी तिथंच लावतो.

काहींनी विचारलं की आमच्याकडे जेवून छातीत जळजळ झाली, मग तेल जुनंच असणार ना? जळजळ मिरचीने आणि भरपूर तेलाने होते, तेल ताजं असलं तरी होते. त्यावरून तेल जुनं होतं असं ठरत नाही आणि नव्हतं असंही ठरत नाही. आमची शेवभाजी तिखट आहे आणि तेलकट आहे. पोरांना आणणार आहात तर वाढणाऱ्याला "तर्री बाजूला" म्हणा, तो वरचं तेल काढून खालचा रस्सा वाढेल, सोबत दह्याची वाटी देईल.

माझ्या शब्दावर ज्याचा विश्वास बसत नसेल त्याच्यासाठी कायद्यात रस्ता आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे कुठलंही गिऱ्हाईक विकत घेतलेला पदार्थ सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं. अट एवढीच की घेतानाच दुकानदाराला सांगायचं, मला हे तपासायला द्यायचं आहे. शुल्क आधी तुम्ही भरायचं. पदार्थ नियमाबाहेर निघाला तर ते परत मिळतं. पण एक लक्षात ठेवा. तेलाचा आकडा हवा असेल तर नमुना कढईतल्या तेलाचा असायला हवा. भाजीच्या वाटीत मसाला, कांदा आणि दोन तेलं मिसळलेली असतात, त्यातून तळणीच्या तेलाची खरी टक्केवारी काढणं अवघड. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली तर त्यांचे अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः येऊन नमुना घेतात, मग तो वाद उरत नाही. आमचा चौदा अंकी परवाना क्रमांक गल्ल्यामागच्या फलकावर आहे, तक्रारीत तो लिहिता येईल.

आमच्याकडूनही एक गोष्ट चुकली होती. ते कॅन वर्षानुवर्षं मागच्या दारापाशी, काहीही न लिहिता, भाजीच्या कॅरेटांच्या शेजारी पडलेले असायचे. आमच्याच नव्या पोराने चुकून त्यातलं तेल उचललं असतं तर मी काय केलं असतं? शंका घेणाऱ्याने हे दाखवून दिलं असं मी मानतो. आता कॅन वेगळ्या जाळीच्या कपाटात कुलुपात आहेत, आणि त्यांवर लाल ऑइलपेंटने लिहिलं आहे, "वापरलेले तेल, खाण्यासाठी नाही". संकलकालाही दुपारी चारच्या आत यायला सांगितलंय.

रविवारी पोरांना घेऊन या. गर्दीआधी, अकराच्या सुमारास आलात तर स्वयंपाकघर मोकळं असतं. यंत्र तुमच्या हातात देतो, कढईत तुम्हीच धरा आणि आकडा पोराला वाचायला सांगा. शनिवारच्या भज्यांनंतरचं तेल असेल, १७ च्या आसपास दिसायला हवं. २० दिसलं तर तुमच्यासमोर कढई उतरवू आणि त्या दिवशी भजी नवीन डब्यात निघतील.